आबांना गुदाशयाचा कॅन्सर निघालाय, ४० वर्षं बिडी ओढलीय. आता बिडी सोडून काय उपयोग असं घरात म्हणायलेत, जाणकारांनी सांगा

संतोष_निपाणी (धागा सुरू केला)

नमस्कार मंडळी. जरा मोठं लिहितोय, वाचा प्लीज.

आमचे आबा, वय ५७. तंबाखूच्या वखारीत हमाली केलेला माणूस, सतराव्या अठराव्या वर्षापासून बिडी, दिवसाला एक बंडल तरी होतंच. गेल्या पावसाळ्यापासून संडासवाटे रक्त जायचं. गावातल्या डॉक्टरनी मूळव्याध म्हणून मलम आणि गोळ्या दिल्या, मग कुणीतरी सांगितलं म्हणून एका वैदूकडं लेप लावून झाला, थोडे दिवस कमी यायचं परत चालू. दिवाळीत दम लागायला लागला म्हणून रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन ८.९, त्याला लोहाच्या गोळ्या दिल्या. एवढ्या दिवसात एकानंही खालून तपासलं नाही. शेवटी दाजी म्हणाले चला बेळगावला दाखवू, तिथं सर्जननी हातमोजा घालून बोट घालून बघितलं आणि दोन मिनिटात म्हणाले गाठ लागतीय, दुर्बीण करावी लागणार. कोलोनोस्कोपीत गुदद्वारापासून ५ सेंमी वर गाठ, बायोप्सीत ॲडिनोकार्सिनोमा. एमआरआय झालाय, लिव्हर आणि फुफ्फुसात पसरलेलं नाही असं सीटीत आहे. आधी ५ आठवडे रेडिएशन आणि सोबत गोळ्या, मग काही आठवडे थांबून ऑपरेशन.

आता माझे प्रश्न. डॉक्टर म्हणाले बिडी आजपासून बंद. घरात दोन तट पडलेत. आई म्हणते बिडीनंच झालं, रोज सुनावते त्यांना. थोरला दादा (तो स्वतः सिगरेट ओढतो, वय ४१) म्हणतो झालंय ते झालं, आता ओढू दे बिचाऱ्याला, धूर फुफ्फुसात जातो, आतड्याचा काय संबंध. मला खरंच कळायचं आहे, १) बिडीचा आणि खालच्या आतड्याचा संबंध आहे का, २) आता सोडून काही फरक पडणार का.

---

मेडिकलवाला_संकेश्वर

संतोषभाऊ वाईट वाटलं वाचून. संबंध आहे, तंबाखूनं सगळीकडचा कॅन्सर होतो तोंडापासून खालपर्यंत. थुंकीबरोबर गिळली जाते ना ती. एक काम करा, तुम्ही घरातले सगळे जण रक्ताची सीईए टेस्ट करून घ्या, माझ्याकडं बरेच जण करून घेतात, नॉर्मल आली की आतड्याचा कॅन्सर नाही समजायचं.

---

सर्जन_शहापूर

संतोष, मी बेळगावातच पोटाच्या शस्त्रक्रिया करतो, तुमच्या आबांचे डॉक्टर मी नव्हे. सुरुवातीलाच एक गोष्ट सांगून टाकतो कारण वरचा सल्ला वाचून कुणीतरी निर्धास्त होऊन बसेल.

सीईए निदानासाठी नसते. सुरुवातीच्या कॅन्सरमध्ये ती बऱ्याचदा अगदी नॉर्मल असते. आणि उलटही होतं, बिडी सिगरेट ओढणाऱ्याची सीईए कॅन्सर नसतानाही थोडी वरच असते, म्हणून कितीतरी लॅबच्या रिपोर्टवर न ओढणाऱ्यासाठी २.५ आणि ओढणाऱ्यासाठी ५ अशा दोन मर्यादा छापलेल्या असतात, नीट बघा. निदान झाल्यावर उपचार लागू पडतायत का, ऑपरेशननंतर परत डोकं वर काढतंय का हे बघायला तिचा उपयोग. आबांची उपचाराच्या आधीची सीईए केली असेल तर तो कागद जपून ठेवा, पुढं त्याच्याशीच तुलना होणार.

आता संबंधाचं. धूर फुफ्फुसात जातो हे दादांचं बरोबर, पण तो तिथं थांबत नाही. धुरातली रसायनं काही सेकंदात रक्तात उतरतात आणि रक्त आतड्याच्या अस्तरालाही जातंच की. काही भाग थुंकीबरोबर गिळला जातो, काही यकृतात जाऊन पित्तावाटे परत आतड्यात उतरतो. यातली कित्येक रसायनं मूळ रूपात तितकी घातक नसतात, शरीर त्यांना बाहेर काढायला म्हणून त्यांचं रूपांतर करतं आणि त्या गडबडीत तयार झालेलं काहीतरी पेशीच्या डीएनएला जाऊन चिकटतं. ओढणाऱ्या माणसांच्या आतड्याच्या अस्तरातून तुकडे घेऊन तपासलेत, तिथं असं चिकटलेलं न ओढणाऱ्यांपेक्षा जास्त सापडतं. तेव्हा आतड्याचा काय संबंध हा प्रश्न आता उरलेला नाही.

उशिरा कळलं एवढं मात्र खरं. आयएआरसी म्हणून डब्ल्यूएचओची कॅन्सरवरची संस्था आहे. २००४ च्या त्यांच्या खंडात जठराचा कॅन्सर धूम्रपानाच्या यादीत घातला होता पण मोठ्या आतड्याचा घातला नव्हता, पुरावा पुरेसा नाही म्हणून. २००९ च्या बैठकीत तोही घातला. अमेरिकेच्या सर्जन जनरलनी २०१४ च्या अहवालात तेच म्हटलं. उशीर का झाला त्याच्यातच आबांची गोष्ट आहे, रात्री लिहितो, ओपीडी चालू आहे.

---

जोतिबा_खानापूर

डॉक्टर, मान राखून बोलतोय पण आकडे पण सांगा की लोकांना. मी वाचलंय मोठ्या आतड्याचा धोका ओढणाऱ्याला साधारण २० टक्के जास्त. फुफ्फुसाच्या कॅन्सरला २० पट वगैरे म्हणतात. २० टक्के आणि २० पट यात जमीन अस्मानाचा फरक आहे. आमच्या गावात बिडी ओढून नव्वदीला टेकलेले म्हातारे आहेत, आणि आयुष्यात सुपारीचं खांड न खाल्लेल्या आमच्या चुलतीला आतड्याचा निघाला. आजारी माणसाला तू ओढलीस म्हणून झालं असं रोज ऐकवणं बरं नव्हे.

---

लता_बिडीवाली

मी निपाणीचीच. माझी आई ३० वर्षं बिड्या वळायची, घरात तंबाखूची धूळ, आम्ही पोरं त्यातच झोपलोय. आईला सारखं पोट दुखतं, गॅस होतो. तिनं कधी ओढली नाही. तिला पण हा आतड्याचा होणार का? कुणी सांगा मला झोप नाही लागली हे वाचून.

---

सर्जन_शहापूर

लताताई, आधी तुमचं. वर लिहिलेलं सगळं ओढण्याबद्दल आहे. वळणाऱ्या बायकांना धुळीनं खोकला, दम, डोळ्यांची जळजळ, डोकं दुखणं असले त्रास होतात ते आम्ही रोज बघतो, पण वळण्यानं आतड्याचा कॅन्सर होतो असं म्हणायला आधार नाही. आईंचं पोटदुखणं आणि गॅस हे बहुतेक वेळा साधं कारण निघतं. पण वय ५० च्या पुढं असेल आणि हे अलीकडं सुरू झालं असेल, वजन उतरत असेल, संडास काळी डांबरासारखी होत असेल किंवा गिळताना अडकत असेल तर दुर्बिणीनं जठर बघून घ्या.

जोतिबा, तुमचा आकडा बरोबर आहे आणि तो लपवायचं काही कारण नाही. फक्त तो नीट वाचूया. समजा न ओढणारे एक हजार पुरुष घेतले आणि त्यातल्या १० जणांना आयुष्यात मोठ्या आतड्याचा होतो असं धरलं, हिशेब सोपा जावा म्हणून धरलेला आकडा आहे हा, तर ओढणाऱ्या हजारात १२ जणांना होईल. त्या १२ पैकी १० जणांना तसाही झालाच असता आणि २ जणांना तंबाखूमुळं झाला. त्यातले ते दोघं कोण हे जगातली कुठलीच तपासणी सांगू शकत नाही. म्हणून आबांना बिडीनंच झालं असं आईंनी म्हणणं बरोबर नाही, बिडीचा संबंधच नाही असं दादांनी म्हणणंही बरोबर नाही. जठराच्या बाबतीत हाच हिशेब केला तर १० चे साधारण १५, १६ होतात.

पण तो २० टक्क्यांचा आकडा सरासरी आहे. त्यात पाच वर्षं ओढून सोडलेला पण आला आणि ४० वर्षं ओढणारा पण आला. जितकी वर्षं जास्त तितका धोका वर चढतो. आणि मोठ्या आतड्याच्या वरच्या भागापेक्षा गुदाशयाशी संबंध जास्त घट्ट दिसतो.

उशिराचं राहिलं होतं. पन्नास साठच्या दशकातले जे अभ्यास होते त्यात आतड्याशी संबंध दिसतच नव्हता. कारण त्यातल्या बऱ्याच माणसांना सिगरेट सुरू करून वीस पंचवीस वर्षंच झालेली. फुफ्फुसाला तेवढी पुरतात. आतड्याला ३० ते ४० लागतात. पुढं तीच पिढी म्हातारी झाली तसा संबंध दिसायला लागला, अमेरिकेत तर पुरुषांत आधी दिसला आणि बायकांत नंतर, कारण बायकांनी सिगरेट नंतर धरली. असं का, तर तंबाखू आतड्यात सुरुवातीच्या पायरीवर जास्त काम करतो असं दिसतं. आतड्याचा बहुतेक कॅन्सर आधी पॉलिप म्हणजे अस्तरावर मोडासारखी छोटी वाढ म्हणून येतो आणि त्याचा कॅन्सर व्हायला दहा एक वर्षं किंवा जास्त जातात. ओढणाऱ्यांत हे पॉलिप जवळजवळ दुप्पट सापडतात. म्हणजे आबांच्या आतड्यात जे सुरू झालं ते कदाचित पस्तिशी चाळिशीत, कळलं आत्ता.

---

आक्का_चिकोडी

पॉलिपच्या पायरीवर सापडलं तर काढून टाकता येतं ना हो डॉक्टर? मग सरकार तपासत का नाही, तोंडाचं, स्तनाचं, गर्भाशयाच्या मुखाचं तर आमच्या पीएचसीत तपासतात.

---

सर्जन_शहापूर

होय, दुर्बीण करतानाच तारेच्या फाशानं काढता येतो. आपल्याकडं सरकारी तपासणीत तुम्ही म्हणता तेच तीन कॅन्सर आहेत, आतड्याचा नाही. एक कारण हे की आपल्याकडं याचं प्रमाण युरोप अमेरिकेपेक्षा बरंच कमी आहे, सरसकट सगळ्यांची कोलोनोस्कोपी करायला ना तेवढे डॉक्टर ना तेवढी मशिनं. हे बरोबर की चूक यावर आमच्यातच मतं वेगळी आहेत. माझं मत विचाराल तर निदान ज्यांच्या घरात झालाय आणि जे रक्त जातंय म्हणून येतायत त्यांना तरी मूळव्याध म्हणून मलम देऊन पाठवू नये.

---

कंडक्टर_अथणी

मी ३१ वर्षं एसटी, म्हणजे कर्नाटकच्या सरकारी बसवर, कंडक्टर. दोन वर्षांमागं बिडी सोडलोय. कुणी बोलत नाही ते बोलतो. सकाळची बिडी ही संडाससाठी असते आमच्यात. चहा, बिडी, की लगेच प्रेशर. सोडल्यावर मला दोन दोन दिवस साफ व्हायचं नाही, पोट डब्ब, डोकं भणभण, ड्युटीवर कुत्र्यासारखं अंगावर जायचो पॅसेंजरच्या. तीनदा सोडून परत धरली ती ह्याच कारणानं, बाकी तलप वगैरे सोसली असती. आमच्या इथले निम्मे लोक म्हणतात बिडीनं पोट साफ राहतं म्हणून कॅन्सर होत नाही, त्याचं काय?

---

सर्जन_शहापूर

कंडक्टर साहेब हे तुम्ही लिहिलात ते फार बरं झालं. निकोटिननं आतडं हलतं हे खरं आहे, ती कल्पना नाही. आणि सोडल्यावर बद्धकोष्ठ होतं तेही खरं, साधारण सहा जणांत एकाला होतं आणि काही आठवडे राहतं. ते आधी सांगितलं नाही तर माणूस समजतो की बिडी सोडून माझी तब्येत बिघडली. इसबगोल, पाणी, आणि गरज पडली तर लॅक्टुलोज किंवा तसलं सौम्य औषध पहिल्याच दिवसापासून चालू ठेवायचं, बंद पडल्यावर नव्हे.

पण पोट साफ होणं आणि कॅन्सर न होणं याचा काही मेळ नाही. उलट यात एक फसगत आहे. ज्याची संडास बिडीवर चालते त्याला आपल्या पोटाची मूळची चाल काय हेच ठाऊक नसतं. सवय बदललीय हे आमच्यासाठी महत्त्वाचं लक्षण, आणि तो म्हणतो आज बिडी कमी झाली म्हणून असेल, दोन जास्त ओढतो.

---

मेडिकलवाला_संकेश्वर

डॉक्टर सीईएचं माझं चुकत असेल, मी लॅबवाल्याचं ऐकून सांगत होतो. पण मला विचारायचं होतं, मूळव्याधीचं रक्त आणि कॅन्सरचं रक्त ओळखायचं कसं? माझ्या दुकानात रोज दोघं तरी मूळव्याधीचं मलम मागायला येतात, बघणार कोण त्यांना.

---

सर्जन_शहापूर

पुस्तकी फरक आहे. मूळव्याधीत शौच झाल्यावर लाल भडक थेंब पडतात किंवा पिचकारी, दुखत नाही. गाठ असेल तर रक्त मळात मिसळून येतं, सोबत चिकट शेंब, आणि जाऊन आलं तरी झालं नाही असं वाटून परत परत जावं लागतं. तुमच्या गिऱ्हाइकाला हे शेवटचं जरूर विचारा, 'परत परत बसावं लागतं का, आणि बसल्यावर नुसतं शेंब आणि रक्त येतं का'. असं म्हणाला तर मलम देऊ नका, पाठवा.

पण या फरकावर घरी बसून निकाल लावायचा नाही. मूळव्याध आणि गाठ दोन्ही एकाच माणसात असतात, मूळव्याध दिसली म्हणून डॉक्टर तिथंच थांबतो. गुदाशयातल्या खालच्या सात आठ सेंमीपर्यंतच्या गाठी बोटाला लागतात. आबांची ५ सेंमीवर होती, म्हणजे पहिल्याच दिवशी बोटाला लागली असती. पेशंटनी लाजायचं नाही आणि डॉक्टरनी आळस करायचा नाही एवढंच.

अजून एक, ओढणाऱ्यांसाठी. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडमुळं ओढणाऱ्याचं हिमोग्लोबिन थोडं चढंच असतं, डब्ल्यूएचओ सुद्धा त्यांच्यासाठी मोजलेल्या आकड्यातून थोडं वजा करायला सांगते. म्हणून रोज बंडलभर ओढणाऱ्या पुरुषाचं ११, १२ आलं तर ते ठीक आहे म्हणून सोडू नका. आणि पुरुषाला लोहाची कमतरता निघाली तर गोळ्या द्यायच्या आधी रक्त जातंय कुठून हे शोधायचं, वर जठर बघायचं आणि खाली मोठं आतडं.

---

विनायक_हुक्केरी

माझ्या मामांना जठराचा झाला होता, १४ वर्षं झाली गेले. ते पण बिडी. पण डॉक्टर म्हणाले होते जंतूमुळं होतो, एच पायलोरी का काय. आणि आमच्यात सगळे म्हणतात तिखट आणि ठेच्यामुळं. मग तंबाखू कशाला मध्ये आणता?

---

सर्जन_शहापूर

जंतू मोठं कारण आहे, जठराच्या खालच्या भागातल्या कॅन्सरमध्ये तर मुख्य. पण आपल्याकडं तो जंतू निम्म्याहून जास्त लोकांच्या पोटात असतो आणि कॅन्सर फार थोड्यांना होतो. त्या थोड्यांत कोण जाणार हे ठरवणाऱ्या गोष्टींत तंबाखू एक आहे. जंतूनं सुजलेल्या अस्तरावर वर्षानुवर्षं धुरातली रसायनं पडत राहतात. शिवाय ओढणाऱ्यात तो जंतू मारायचा औषधांचा कोर्स फसण्याचं प्रमाणही जास्त. आणि अन्ननलिका जिथं जठराला मिळते त्या वरच्या टोकाच्या कॅन्सरशी धूम्रपानाचं नातं अजून घट्ट दिसतं. तिखटाचा पुरावा कच्चा आहे, मिठाचा पक्का, खारवलेलं खूप खाणाऱ्यांत जास्त होतो.

एक अडचण मात्र मी मान्य करतो. जठर, अन्ननलिका, फुफ्फुस, घसा यांच्याबाबतीत बिडीवर आपल्याच देशात अभ्यास झालेत आणि त्यात बिडी सिगरेटपेक्षा बरी निघालेली नाही. तेंदूचं पान हवा कमी सोडतं, विझू नये म्हणून सारखं ओढावं लागतं, त्यामुळं तंबाखू थोडा असला तरी निकोटिन आणि डांबर कमी मिळत नाही. पण मोठ्या आतड्याचे मोठे अभ्यास बहुतेक सिगरेटचे आहेत. बिडीला तेच लागू होणार असं मी मानतो, कारण रसायनं तीच.

---

जोतिबा_खानापूर

आणि खायची तंबाखू? मी ओढत नाही, चुना मळून खातो, थोडी गिळली पण जाते. वर मेडिकलवाले म्हणाले खालपर्यंत सगळा होतो.

---

सर्जन_शहापूर

खायच्या तंबाखूनं तोंडाचा, अन्ननलिकेचा आणि स्वादुपिंडाचा होतो, हे पक्कं आहे. जठर आणि मोठ्या आतड्याबाबत ओढण्याइतका पुरावा नाही. पण तुम्ही तोंड उघडून आरशात बघा, तीन बोटं उभी जातात का, आतून पांढरं किंवा लाल चट्टं आहे का. तुमची काळजी तिथं आहे.

---

संतोष_निपाणी

डॉक्टर तुमचे खूप आभार. आईला वाचून दाखवलं ते १२ पैकी २ वालं. ती काही बोलली नाही पण आज जेवताना आबांना सुनावलं नाही.

माझा दुसरा प्रश्न राहिला. दादा अजून म्हणतोय की आता सोडून काय, पोटाला उलट त्रास. आबांचा तर तोंडावरचा रंग उडालाय, बिडी नाही तर काही खात नाहीत. आणि खरं सांगायचं तर लपवून ओढतायत.

---

सर्जन_शहापूर

दादांना हे वाचायला द्या.

पुढचं गणित बघा. ५ आठवडे रेडिएशन, त्यानंतर सूज उतरायला आणि गाठ आकसायला साधारण आठ आठवडे थांबतात, मग ऑपरेशन. म्हणजे आज धरून तीन महिने हातात आहेत. ऑपरेशनमध्ये गाठ असलेला गुदाशयाचा भाग काढून वरचं आतडं खाली आणून जोडतात. गाठ ५ सेंमीवर आहे, म्हणजे जोड फार खाली येणार, आणि जितका जोड खाली तितका तो सुटण्याचा धोका जास्त. चांगल्या हातातसुद्धा एवढ्या खालचे दहातले एक जोड गळतात असं धरून चालतात. गळला की मळ ओटीपोटात जातो, पू होतो, परत ऑपरेशन, महिनाभर आयसीयू, कधी जीव जातो. जोड गळू नये यासाठी सर्जनच्या टाक्यांइतकंच महत्त्व तिथं पोचणाऱ्या रक्ताला आहे. निकोटिन बारीक रक्तवाहिन्या आवळतं आणि कार्बन मोनॉक्साइड रक्तातली ऑक्सिजनची जागा अडवून बसतो. ओढणाऱ्यांत जोड जास्त गळतात, जखमा जास्त पिकतात, भूल दिल्यावर छातीचे त्रास जास्त होतात.

कार्बन मोनॉक्साइड एक दोन दिवसात निघून जातो. पण जखम भरायची ताकद सुधारायला निदान चार आठवडे लागतात. ऑपरेशनच्या आदल्या रात्री सोडून आलेला पेशंट मला फार कामाचा नाही, आज सोडलेला आहे. कॅन्सर झाल्यावरही ओढत राहणाऱ्यांचं आयुष्यमान सोडणाऱ्यांपेक्षा कमी निघतं हेही आहे, पण मी घरच्यांना जोडाचंच सांगतो कारण ते तीन महिन्यांत डोळ्यासमोर येणार असतं.

बहुतेक तात्पुरती पिशवी पण लावतील, पोटावर डाव्या किंवा उजव्या बाजूला आतड्याचं तोंड काढून, म्हणजे जोडावरून मळ जाऊ नये. पिशवी लावली म्हणून जोड गळत नाही असं नव्हे, गळला तरी परिणाम सौम्य होतो. काही महिन्यांनी पिशवी बंद करतात. आबांना हे आत्ताच सांगून ठेवा, ऑपरेशननंतर पोटावर पिशवी बघून माणसं खचतात.

---

कंडक्टर_अथणी

संतोष भाऊ, आबांना लपवून ओढावी लागतीय म्हणजे तलप सोसवत नाही, त्यात रागवून उपयोग नाही. मी १८००-११-२३५६ ला फोन केला होतो, तंबाखू सोडवायचा सरकारी नंबर आहे, फुकट. मी कन्नडमधून बोललो. आठवड्यानं परत त्यांचाच फोन येतो. मला निकोटिनची गोळी चघळायला सांगितले. चुकीची चघळायचो आधी, चुइंगमसारखी, उचकी लागायची, मळमळायचं. बरोबर पद्धत म्हणजे हळू चावायचं, जिभेला झिणझिण लागली की गालात दाबून ठेवायची, झिणझिण गेली की परत दोनदा चावायचं. चहा पिता पिता नाही, चहाच्या आधी पंधरा मिनिटं आणि नंतर पंधरा मिनिटं नाही.

---

मेडिकलवाला_संकेश्वर

हे बरोबर. उठल्यावर अर्ध्या तासात पहिली बिडी लागत असेल तर त्याला २ एमजीची पुरत नाही, ४ ची लागते, डॉक्टरला विचारून घ्या. आणि आबांना रेडिएशनसोबत ज्या गोळ्या आहेत त्यांच्या चिठ्ठीबरोबर हे पण दाखवा, आपल्या मनानं सुरू करू नका.

---

सर्जन_शहापूर

ते योग्य. निकोटिनची गोळी घेतली तरी धूर आणि कार्बन मोनॉक्साइड थांबतो, ओढत राहण्यापेक्षा केव्हाही बरी. कधी बंद करायची ते तिथल्या सर्जनना ठरवू द्या, काही जण ऑपरेशनच्या आधी ती पण बंद करायला सांगतात.

आणि संतोष, एक राहिलं. आबांना ६० च्या आत झालाय, म्हणजे तुम्हा भावंडांचीही तपासणी लागते. अशा घरात चाळिशीपासून दर पाच वर्षांनी कोलोनोस्कोपी. तुमचं वय कळलं नाही, पण दादा ४१ चे आणि ओढणारे. त्यांची आत्ताच.

---

संतोष_निपाणी

थोड्या दिवसांनी लिहितोय. आबांचं रेडिएशन चालू आहे, तिसरा आठवडा. गोळी चघळतात, बिडी दिवसाला दोन वर आलीय, पूर्ण सुटलेली नाही. आई आता त्यांच्याशी बोलायच्या आधी इसबगोल घेतला का विचारते.

दादा तयार होत नव्हता. जोडाचं वाचून एकदम गप्प झाला आणि परवा जाऊन कोलोनोस्कोपी करून आला. आदल्या दिवशीचं ते औषधाचं पाणी पिऊन पिऊन फार कंटाळला, दुर्बीण म्हणे त्यापेक्षा सोपी, गुंगीत कळलंच नाही. त्याला दोन पॉलिप निघाले, काढलेत. एक उजव्या बाजूला १२ एमएम, रिपोर्टमध्ये 'सेसाइल सेरेटेड लीजन, डिस्प्लेसिया नाही' लिहिलंय, दुसरा डाव्या बाजूला ४ एमएम, 'ट्युब्युलर ॲडिनोमा'. हे काय आहे? कॅन्सर नाही ना? आणि परत कधी करायची, डॉक्टर पुढच्या महिन्यात बोलवतायत पण दादाला आत्ताच पाहिजे उत्तर.

---

सर्जन_शहापूर

कॅन्सर नाही. दोन्ही कॅन्सरच्या आधीच्या पायरीवरचे आणि दोन्ही काढले गेलेत.

पहिला जो आहे त्याचं महत्त्व जास्त. हे सेरेटेड पॉलिप चपटे असतात, वर शेंबाचा थर असतो, बहुधा उजव्या बाजूला, पोट नीट साफ नसेल तर नजरेतून सुटतात. म्हणून दादांनी ते पाणी पूर्ण प्यायले ते कामी आलं. आणि सगळ्या पॉलिपमध्ये धूम्रपानाशी सर्वात घट्ट नातं याच जातीचं आहे, साध्या ॲडिनोमापेक्षाही जास्त. ते त्यांना सांगा, पण सोडल्यावर लगेच धोका जातो असं सांगू नका, आतड्याच्या बाबतीत तो हळू उतरतो, दहा वीस वर्षं घेतो.

१० एमएम किंवा त्याहून मोठा सेरेटेड असेल तर साधारण तीन वर्षांनी परत बघतात. पण त्याला एक अट आहे, तो एकसंध पूर्ण निघाला पाहिजे. तुकड्या तुकड्यानं काढला असेल तर ती जागा कधी कधी सहा महिन्यांतच परत बघावी लागते. कोलोनोस्कोपीच्या रिपोर्टमध्ये 'एन ब्लॉक' लिहिलंय की 'पीसमील', ते बघून सांगा. बायोप्सीच्या कागदावर ते नसतं, दुर्बिणीच्या कागदावर असतं.

---

संतोष_निपाणी

दुर्बिणीचा कागद दादाकडं आहे, तो संकेश्वरला कामावर गेलाय. संध्याकाळी फोटो मागवून टाकतो.